क्यूपीसीआरमध्ये कार्यक्षमता कमी आणि मेल्ट कर्व्हमध्ये दुसरं शिखर: दोष एक की दोन?

सायबर ग्रीनवर चालणारा नवा प्रायमर जोड तपासायला घेतला, स्टँडर्ड कर्व्ह काढली, आणि कार्यक्षमता ८२ टक्के आली. मेल्ट कर्व्ह उघडली तर अपेक्षित शिखराच्या डावीकडे आणखी एक बुटकं शिखर. अशा वेळी बहुतेक जण लगेच निष्कर्ष काढतात, की प्रायमर डायमर होतोय, तोच प्रायमर खातोय, म्हणून कार्यक्षमता पडली. मग अ‍ॅनीलिंगचं तापमान वाढवलं जातं. दुसरं शिखर लहान होतं, पण कार्यक्षमता आणखी खाली जाते.

या लेखात एवढी एकच अडचण शेवटपर्यंत सोडवू. माझं म्हणणं असं, की ही दोन लक्षणं एकाच प्लेटवर दिसली तरी त्यांचं कारण एकच असेल असं धरून चालू नये. आधी प्रत्येक लक्षण स्टँडर्ड कर्व्हला कुठल्या दिशेला वाकवतं ते पाहावं. बराचसा उलगडा नवीन काहीही न मागवता, हातात असलेल्या आकड्यांतूनच होतो.

आकडे आधी नीट मांडा

उदाहरणासाठी असा प्रयोग घेऊ. टेम्प्लेट सीडीएनए, अ‍ॅम्प्लिकॉन ११२ बेस पेअरचा, दोन्ही प्रायमर प्रत्येकी ४०० नॅनोमोलर, अ‍ॅनीलिंग आणि एक्स्टेन्शन एकत्र ६० अंशांवर. दहा-दहा पट डायल्यूशनचे पाच टप्पे, प्रत्येक टप्प्याच्या तीन विहिरी, आणि टेम्प्लेट नसलेली विहीर, म्हणजे एनटीसी. सरासरी Cq असे आले:

```
1      : 17.9
1:10   : 21.7
1:100  : 25.6
1:1000 : 29.5
1:10000: 33.2
NTC    : 35.6

slope = -3.84
E = 10^(-1/slope) - 1 = 0.82
```

प्रत्येक चक्रात डीएनए नेमका दुप्पट झाला तर उतार −३.३२ येतो आणि कार्यक्षमता १०० टक्के भरते. साधारण ९० ते ११० टक्के, म्हणजे −३.५८ ते −३.१० एवढा उतार चालवून घेतात. ८२ टक्के त्या पट्ट्याच्या बाहेर आहे, आणि त्याचा परिणाम किरकोळ नसतो. दोन नमुन्यांच्या Cq मध्ये ५ चक्रांचा फरक असेल, तर दुपटीच्या हिशेबाने तो ३२ पट फरक होतो. पण प्रत्येक चक्रात वाढ खरोखर १.८२ पटच होत असेल तर तोच फरक सुमारे २० पट असतो.

इथे R² पाहून समाधान मानू नका. या पाच बिंदूंची रेषा अगदी सरळ आहे, R² ०.९९९ च्या वर येतो. बिंदू रेषेला किती चिकटून आहेत एवढंच R² सांगतो. प्रत्येक चक्र सारखंच लंगडं असेल तर रेषा सरळच येणार.

त्यापेक्षा लागोपाठच्या दोन टप्प्यांमधलं अंतर पाहा: ३.८, ३.९, ३.९ आणि ३.७. दहा पट डायल्यूशनला ते ३.३ च्या आसपास हवं. इथे ते सगळीकडे जास्त आहे आणि जवळपास सारखं आहे. शेवटचं तेवढं किंचित आखूड झालंय. ही बारीकशी गोष्ट पुढे कामाला येणार आहे, ती लक्षात ठेवा.

कुठला दोष कर्व्हला कुठे वाकवतो

नमुन्यात इनहिबिटर असेल, उदाहरणार्थ आरएनए काढताना मागे राहिलेलं फिनॉल, ग्वानिडीन किंवा इथेनॉल, तर त्याचा जोर सर्वांत तीव्र टप्प्यावर असतो. नमुना पातळ होत जातो तसा इनहिबिटरही पातळ होतो. म्हणून पहिल्या टप्प्याचा Cq उशिरा येतो, पहिल्या दोन टप्प्यांतलं अंतर ३.३ ऐवजी २.६ वगैरे भरतं, आणि उतार सपाट होऊन कार्यक्षमता १०० टक्क्यांच्या वर गेल्यासारखी दिसते. रिव्हर्स ट्रान्स्क्रिप्शनचं मिश्रण स्वतःसुद्धा असंच वागतं. म्हणून न पातळवलेला सीडीएनए एकूण रिअ‍ॅक्शनच्या दहाव्या हिश्श्यापेक्षा जास्त घालू नये.

प्रायमर डायमरचा जोर दुसऱ्या टोकाला असतो. टेम्प्लेट भरपूर असेल तिथे खरा अ‍ॅम्प्लिकॉन आधीच पुढे निघून जातो आणि डायमरला वाव मिळत नाही. टेम्प्लेट विरळ झालं की डायमर पुढे सरकतो. सायबर ग्रीन दुहेरी डीएनएला चिकटतं, तो डीएनए कुठला हे त्याला कळत नाही. डायमरची चमकही त्याच वाचनात मिसळते, म्हणून सर्वांत पातळ टप्प्यांचा Cq खऱ्यापेक्षा लवकर येतो आणि शेवटचं अंतर आखडतं. याचाही परिणाम उतार सपाट होण्यात, म्हणजे कार्यक्षमता वाढल्यासारखी दिसण्यातच होतो.

सगळा उलगडा या एका वाक्यावर उभा आहे: डायमरची चमक कार्यक्षमतेचा आकडा वर ढकलते. आपला आकडा तर खाली आहे. म्हणजे डायमर असलाच तरी ८२ टक्क्यांचा खुलासा त्याच्याकडून होत नाही.

पडताळा घ्यायचा तर पाचवा बिंदू गाळून उतार पुन्हा काढा. उरलेल्या चार बिंदूंचा उतार −३.८७ येतो, कार्यक्षमता ८१ टक्के. सर्वाधिक डायमर असलेला बिंदू काढला आणि आकडा सुधारण्याऐवजी किंचित घसरला. डायमर मूळ दुखणं थोडं झाकत होता.

सगळ्या टप्प्यांवर सारखंच वाढलेलं अंतर दोनच गोष्टी सांगतं. एक तर प्रत्येक चक्रात खरोखरच कमी प्रती होताहेत, किंवा डायल्यूशन दहा पट झालेलं नाही.

डायल्यूशनचा संशय आधी मिटवा

ही तपासणी स्वस्त आहे आणि ती टाळून पुढे गेल्याने आठवडे वाया जातात. समजा प्रत्येक वेळी ९० मायक्रोलिटर पाण्यात १० ऐवजी ८.२ मायक्रोलिटर गेले. मग डायल्यूशन १२ पट होतं, आणि १०० टक्के कार्यक्षमता असलेल्या प्रायमरचाही उतार −३.५८ येऊन कार्यक्षमता ९० टक्के दिसते. दर टप्प्याला तीच चूक होत राहिल्याने रेषा मात्र सुरेख सरळ येते.

यावर उपाय म्हणजे तीच डायल्यूशन मालिका आधीपासून नीट चालणाऱ्या दुसऱ्या प्रायमर जोडावर चालवणं. रेफरन्स जीनचा जोड बहुतेक हाताशी असतोच. त्याचा उतार −३.३ ते −३.४ आला तर डायल्यूशन निर्दोष आहे आणि दोष नव्या जोडात आहे. त्याचाही −३.८ आला तर प्रायमरला हात लावू नका. नवी मालिका करा: दर टप्प्याला टिप बदला, टिप आधी एकदा भिजवून घ्या, १ किंवा २ मायक्रोलिटर उचलण्याऐवजी किमान ५ ते १० मायक्रोलिटर उचला, आणि प्रत्येक नळी नीट ढवळून, फिरवून मगच पुढच्या टप्प्याला जा.

आपल्या उदाहरणात रेफरन्स जीनचा उतार −३.३६ आला असं धरू. डायल्यूशन सुटलं, आणि त्याबरोबर मास्टर मिक्स आणि यंत्रही सुटलं, कारण ते दोन्ही जोडांना सारखंच होतं. याच फेरीत नव्या प्रायमरचं ताजं वर्किंग सोल्यूशन मूळ साठ्यातून बनवून वापरा. चुकीच्या तीव्रतेला विरघळवलेला किंवा वारंवार गोठवून-वितळवून खराब झालेला प्रायमर अगदी हेच लक्षण दाखवतो.

दुसरं शिखर कुठल्या विहिरींत आहे?

आता मेल्ट कर्व्हकडे या. `-dF/dT` चा आलेख सगळ्या विहिरींचा एकदम पाहू नका, एकेका टप्प्याचा पाहा. दुसरं शिखर किती अंशांवर आहे यापेक्षा ते कुठे दिसतं आणि कुठे दिसत नाही, यातून जास्त कळतं.

आपल्या प्रयोगात मुख्य शिखर ८४.५ अंशांवर आहे. पहिल्या तीन टप्प्यांत ते एकटंच आहे. चौथ्यात ७६ अंशांजवळ हलका उंचवटा दिसतो, पाचव्यात तिथे स्पष्ट शिखर, आणि एनटीसीत फक्त ७६ चं शिखर. टेम्प्लेट कमी होईल तसं वाढणारं आणि टेम्प्लेट नसताना एकटं उरणारं, कमी तापमानाला वितळणारं शिखर हे प्रायमर डायमरचं ठळक चिन्ह आहे. छोटा तुकडा लवकर वितळतो.

इथे तीन वेगळी चित्रं दिसू शकली असती आणि त्यांच्यावरचे इलाज वेगळे आहेत. एनटीसीत शिखर ८४.५ वरच आलं असतं तर तो डायमर नव्हता. पाण्यात किंवा मिक्समध्ये अ‍ॅम्प्लिकॉन मिसळला होता. तिथे प्रायमर बदलून काहीच साधत नाही, अभिकर्मक फेकून जागा स्वच्छ करावी लागते.

दुसरं शिखर मुख्य शिखराच्या उजवीकडे असतं, फक्त टेम्प्लेट असलेल्या विहिरींत असतं, आणि रिव्हर्स ट्रान्स्क्रिप्टेज न घातलेल्या कंट्रोलमध्येही दिसलं असतं, तर जिनोमिक डीएनएवर पहिला संशय घ्यावा.

तिसरं चित्र सर्वांत फसवं आहे. दोन शिखरं सगळ्या टप्प्यांत आहेत, त्यांच्या उंचीचं गुणोत्तर टेम्प्लेट पातळ केलं तरी बदलत नाही, आणि एनटीसी साफ आहे. हा बऱ्याचदा एकच अ‍ॅम्प्लिकॉन असतो. त्याच्या एका भागात जी आणि सी दाट असतात, दुसऱ्यात विरळ, म्हणून तो दोन टप्प्यांत वितळतो. `uMelt` मध्ये अ‍ॅम्प्लिकॉनचा क्रम घालून पाहा. तिथेही दोन शिखरं उमटली आणि जेलवर एकच पट्टा आला, तर प्रायमर निर्दोष आहे. असे चांगले जोड नुसत्या मेल्ट कर्व्हवरून टाकून दिले जातात, याचं मला वाईट वाटतं.

म्हणून पहिला टप्पा, पाचवा टप्पा आणि एनटीसी या तीन विहिरींतला माल अडीच टक्क्यांच्या अ‍ॅगारोज जेलवर लहान तुकड्यांच्या लॅडरसोबत चालवाच. आपल्याकडे पहिल्यात ११२ चा एकच पट्टा, पाचव्यात तो पट्टा आणि खाली ५० च्या आतबाहेर पसरट डाग, एनटीसीत फक्त तो डाग. डायमर पक्का झाला. जेल चालवताना प्लेट उघडावीच लागते, म्हणून हे काम क्यूपीसीआर लावायच्या जागेपासून दूर करा, नाहीतर वर सांगितलेलं पहिलं चित्र आपणच तयार करू.

डायमर कोणाचा?

पुढची प्लेट अगदी छोटी, टेम्प्लेटशिवाय. काही विहिरींत फक्त फॉरवर्ड प्रायमर, काहींत फक्त रिव्हर्स, काहींत दोन्ही. एकट्या प्रायमरनेच शिखर दिलं तर तो स्वतःशीच जुळतोय. आपल्याकडे एकटे दोघेही ४० चक्रं गप्प राहिले आणि एकत्र आल्यावर ७६ चं शिखर आलं. म्हणजे ते एकमेकांशी जुळताहेत.

मग क्रम पाहायचे. फॉरवर्डच्या तीन प्राइम टोकाला `AGGC`, रिव्हर्सच्या तीन प्राइम टोकाला `GCCT`. ही चार अक्षरं एकमेकांची पूरक आहेत. डिझाइन करताना एकूण डायमर गुण ठीक दिसले असतील, पण पॉलिमरेज तीन प्राइम टोकापासून पुढे बांधत जातं. तिथे जी-सीने घट्ट झालेली चार अक्षरांची जुळणीसुद्धा त्याला पुरते. पाच प्राइम टोकाकडची सहा-सात अक्षरांची जुळणी त्या मानाने निरुपद्रवी असते.

तापमान आणि तीव्रता: किती मदत होते

नवे प्रायमर मागवण्याआधी तापमानाचा ग्रेडियंट लावा, पण एका टेम्प्लेट तीव्रतेवर नको. एका तीव्रतेचा Cq लवकर आला की उशिरा एवढंच कळतं, कार्यक्षमता कळत नाही. १०० पट अंतराच्या दोन तीव्रता घ्या आणि त्यांच्या Cq मधला फरक पाहा. १०० टक्के कार्यक्षमतेला तो ६.६ असायला हवा. सोबत प्रत्येक तापमानाला एनटीसी ठेवा.

आपल्याला असं दिसलं: ५८ अंशांना फरक ७.५ आणि एनटीसी ३३.९, ६० ला ७.७ आणि ३५.६, ६२ ला ८.१ आणि ३७.८, ६४ ला ८.६ आणि एनटीसी गप्प. तापमान उतरवलं की कार्यक्षमता थोडी सुधारते आणि डायमर बळावतो. चढवलं की डायमर मरतो आणि कार्यक्षमता कोसळते. ५८ ला सुद्धा ती ८५ टक्क्यांपर्यंतच जाते. दोन्ही जमतील असं तापमान या जोडाला नाही.

प्रायमर ४०० वरून २०० नॅनोमोलर केले तर एनटीसी दोन-अडीच चक्रं मागे गेली, पण उतार जागचा हलला नाही.

आणखी एक युक्ती बरेच जण वापरतात: प्रत्येक चक्राच्या शेवटी काही सेकंद ८० अंशांचा टप्पा घालून वाचन तिथे घ्यायचं. ७६ ला वितळणारा डायमर तेव्हा सुटलेला असतो, त्यामुळे त्याची चमक मोजली जात नाही. निदानासाठी मला ही युक्ती आवडते. आपल्या उदाहरणात एनटीसी पूर्ण शांत झाली आणि उतार −३.८७ आला, म्हणजे पाचवा बिंदू गाळल्यावर आला होता तोच. डायमरची चमक वगळली तरी ८१ टक्केच. इलाज म्हणून मात्र तिच्यावर विसंबू नये. डायमर तयार होतच राहतो, प्रायमर आणि न्यूक्लिओटाइड खात राहतो, फक्त आपल्याला दिसत नाही.

कार्यक्षमता नेमकी कशाने पडली

आता प्रायमर जिथे बसतो ती जागा तपासा. अ‍ॅम्प्लिकॉनचा क्रम `mfold` किंवा तत्सम साधनात घाला, तापमान ६० अंश ठेवा आणि मॅग्नेशियम व मीठ आपल्या मिक्सप्रमाणे भरा. मूळच्या ३७ अंशांवर ठेवलं तर जवळजवळ प्रत्येक क्रम गुंडाळलेला दिसतो आणि काही बोध होत नाही. आपल्या उदाहरणात रिव्हर्स प्रायमरचं तीन प्राइम टोक जिथे बसायला हवं तीच जागा ६० अंशांनाही मजबूत स्टेममध्ये अडकलेली दिसली. टेम्प्लेटचा तो पट्टा स्वतःवरच दुमडलेला असल्याने दर चक्रात काही रेणूंवर प्रायमर बसूच शकत नाही. प्रत्येक चक्रात तोच अडथळा, म्हणून प्रत्येक अंतर सारखंच वाढलेलं. तापमान चढवलं की स्टेम थोडा सैल होतो खरा, पण प्रायमरची पकडही सुटते आणि तोटाच जास्त होतो.

स्टेम दिसला नसता तर त्याच जागेवर एखादा एसएनपी आहे का हे पाहिलं असतं. तीन प्राइम टोकाखाली एक अक्षर जुळत नसलं तरी असाच फटका बसतो.

एका वेळी एकच प्रायमर बदला

दोन्ही प्रायमर नवे मागवले तर काम कदाचित होईल, पण काय बिघडलं होतं ते कळणार नाही. एक नवा फॉरवर्ड आणि एक नवा रिव्हर्स मागवा आणि जुन्यांशी आलटून-पालटून जोडा. नवा रिव्हर्स स्टेम संपल्यानंतरच्या मोकळ्या जागेवर घ्या, अ‍ॅम्प्लिकॉन १५० च्या आत ठेवा, वितळण्याचं तापमान जोडीदाराच्या एक-दोन अंशांत ठेवा, शेवटच्या पाच अक्षरांत जी आणि सी मिळून दोनपेक्षा जास्त नकोत. `Primer-BLAST` मध्ये तो दुसरीकडे कुठे बसत नाही ना, हेही पाहून घ्या.

नवा फॉरवर्ड आणि जुना रिव्हर्स: ७६ चं शिखर नाहीसं, एनटीसी शांत, उतार −३.८५. जुना फॉरवर्ड आणि नवा रिव्हर्स: एनटीसी शांत, उतार −३.३८, कार्यक्षमता ९८ टक्के. दोष दोन होते. `AGGC` आणि `GCCT` ची जुळणी कुठल्याही बाजूने मोडली की डायमर जातो. कार्यक्षमता मात्र फक्त रिव्हर्सची जागा बदलल्यावरच सुधारते. जुना रिव्हर्स योगायोगाने दोन्ही दोषांत सामील होता, म्हणून ते एकच वाटत होते.

स्वीकारलेल्या जोडाची पूर्ण पाच टप्प्यांची कर्व्ह पुन्हा काढा, आणि ती खऱ्या नमुन्यांच्या सीडीएनएवर काढा. शुद्ध प्लाझमिडवर कर्व्ह सुंदर येते, पण नमुन्यातले इनहिबिटर तिथे नसतात. मेल्ट कर्व्ह सर्वांत पातळ टप्प्याची तपासा, कारण नवा डायमर असेल तर तिथेच पहिल्यांदा डोकं वर काढेल. एनटीसी थोडीफार येत असलीच तर तिच्यात आणि सर्वांत कमकुवत नमुन्यात किमान ५ चक्रांचं अंतर ठेवा. तेवढ्या अंतरावर भेसळ साधारण ३ टक्क्यांच्या आसपास राहते.

जुन्या जोडावर आधीच चालवलेल्या प्लेट्स सगळ्या टाकाव्या लागत नाहीत. ज्या विहिरींचा Cq साधारण २८ च्या आत आहे आणि मेल्ट कर्व्ह एकशिखरी आहे, तिथलं गणित २ ऐवजी त्या जोडाचा मोजलेला १.८१ हा गुणक घेऊन पुन्हा करता येतं. रेफरन्स जीनसाठी त्याचा स्वतःचा गुणक घ्यायचा. ज्या विहिरींत ७६ चा उंचवटा दिसतो त्यांना हे गणित लागू पडत नाही. ते नमुने नव्या जोडावर पुन्हा चालवावे लागतात.